दोन रेघा आणि दोन खोल्या

आमचे हे पूर्णेला मालगाडीवर गार्ड होते आणि मी तिथल्याच शाळेत गणित शिकवत होते. यांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. त्यानंतर क्वार्टर सोडावं लागणार होतं आणि आमचं स्वतःचं घर नव्हतं. तीन खोल्या बांधायच्या, एवढंच ठरलेलं होतं.

परभणीला शेअरचं काम करणारा एक एजंट यांच्या ओळखीचा होता. त्यानं एक पद्धत सांगितली. रोज बाजार बंद होतानाचा भाव आलेखाच्या कागदावर मांडायचा. शेवटच्या दहा दिवसांच्या सरासरीची लाल रेघ, तीस दिवसांच्या सरासरीची निळी. लाल निळीला कापून वर गेली की शेअर घ्यायचे, कापून खाली आली की विकायचे. मला हे फार आवडलं. यात कुणाच्या सांगोवांगीला जागा नव्हती, आणि मला माणसांपेक्षा बेरजा बऱ्या वाटतात.

मुंबईचा पेपर दुसऱ्या दिवशी यायचा. नामांतरावरून बंद असला की यायचाच नाही, मग दोन दिवसांचे भाव एकदम मांडायचे. नवा भाव बेरजेत घालायचा, सर्वांत जुना वजा करायचा. एका सिमेंट कंपनीचा भाव तेव्हा सरळ चढत होता. बराच चढल्यावर लाल वर गेली तेव्हा आम्ही घेतले, माथ्यावरून बराच उतरल्यावर विकले, तरी मधला मोठा टप्पा हाती लागला. त्यातून प्लॉट झाला. मी शाळेत ताठ मानेनं फिरायला लागले.

मग भाव एकशे ऐंशी आणि दोनशे वीसच्या मध्ये अडकला. पावसाळा गेला, दिवाळी गेली, तो तिथंच. लाल रेघ वर जाईपर्यंत भाव दोनशे पंधराला पोचलेला असायचा. आम्ही घ्यायचो आणि तो घसरायला लागायचा. लाल खाली येईपर्यंत एकशे नव्वद. आम्ही विकायचो आणि तो उठायचा. वर एजंटची दलाली दोन्ही वेळेला. असं चारदा झालं.

सरासरी उशिरा जागी होते, म्हणून मी ती लहान केली, पाच आणि पंधरा दिवसांची. गणिताच्या बाईनं करू नये ती चूक केली. आता रेघा भावाच्या प्रत्येक बारीक हेलकाव्याला एकमेकींना कापायला लागल्या आणि महिन्याभरात आणखी तीनदा मार बसला. घराच्या नकाशातली तिसरी खोली मी खोडरबरानं पुसली.

त्या संध्याकाळी हे ड्यूटीवरून आले, बूट काढता काढता कागदाकडं बघत राहिले.

"तुजी रेघ माज्यासारखीच हाय," ते म्हणाले. "मी शेवटच्या डब्यात बसतो. इंजिन कुठं वळलं ते मला सगळी गाडी वळल्यावर कळतंय. लांबचा पल्ला असला तर काई बिघडत न्हाई. पण यार्डात इंजिन मागंपुढं करायलंय म्हणल्यावर मला निस्ते धक्के."

"मग काय करायचं?"

"यार्ड कवा संपंल ते मला शेवटच्या डब्यातून कसं दिसंल?"

मी पुन्हा दहा आणि तीसवर आले. उन्हाळ्याच्या तोंडाला लाल परत वर गेली. मी पेन्सिल हातात धरून बसले होते. इतकी दमले होते की नियम पाळायचंही बळ नव्हतं. यांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, "अजून कापली नाही." लग्नानंतर यांच्याशी बोललेलं ते पहिलं खोटं.

त्या खेपेला भाव दोनशे वीस ओलांडून गेला आणि चढतच राहिला. सात वेळा मार खाल्ला होता तो याच एका चढासाठी, आणि तो चालू असताना मी आलेखाचा कागद घडी घालून ठेवला होता.

यांच्या निवृत्तीनंतर दोन खोल्या बांधल्या. राहायला गेलो त्या दिवशी मला राहवलं नाही. सामान तसंच टाकून मी यांना सगळं सांगितलं.

यांनी ट्रंकेतून ड्यूटीची जुनी डायरी काढली. मागच्या पानांवर, हलत्या डब्यात काढलेल्या, थरथरत्या दोन रेघा होत्या. रोजच्या. हे गाडीत पेपर वाचून स्वतःही मांडत होते, आणि मी खोटं बोलले त्या तारखेला लाल निळीच्या वर गेली होती.

"तुमाला माहीत होतं?" माझ्या तोंडून आमच्या घरची बोली निघाली.

"तू न्हाई म्हणलीस," ते म्हणाले, "आन मला लय बरं वाटलं."