दोन शेतांवरचा निष्कर्ष

नांदेडला पीएचडीच्या पहिल्या वर्षी, विभागाच्या वाचनबैठकीत मी एका प्रकाशित शोधनिबंधाचे परीक्षण केले. लेखक लातूरच्या महाविद्यालयातले माझे जुने सर होते. मुरुडजवळ तुरीच्या एका कीटकनाशक फवारलेल्या आणि एका न फवारलेल्या शेतात त्यांनी फुलांवरच्या मधमाश्या मोजल्या होत्या. एकाच शेतात मोजणीसाठी आखलेले अनेक चौकोन स्वतंत्र नमुने धरून त्यांनी लिहिले होते, की फवारणीमुळे मधमाश्या घटल्या. शेते मात्र दोनच; फरक मातीचा किंवा वाणाचाही असू शकत होता. इथवर माझे म्हणणे बरोबर होते. पण सगळे माना डोलावत आहेत हे पाहून मी पुढे म्हणाले, "थोडक्यात, फवारणीचा परिणाम होत नाही."

सर शेवटच्या बाकावर होते. हीच पाहणी अनेक शेतांत करण्याचा प्रस्ताव घेऊन ते आमच्या विभागप्रमुखांकडे आले होते. "परिणामच नाही, तर पाहणी कशाला?" म्हणत बैठकीला बसलेल्या प्रमुखांनी तो तिथेच परत केला.

जिन्यात सर म्हणाले, "पोरी, माझी चूक बरोबर धरलीस. पण परिणाम न्हाई, हे तू कोणत्या शेतात मोजलंस?"

दुसऱ्या दिवशी मी प्रमुखांना माझी चूक लेखी कळवली. यंदाचे प्रस्ताव ठरून गेले, असे उत्तर आले. त्या हंगामात तूर फुलून गेली आणि मधमाश्या कोणीच मोजल्या नाहीत.