येमूल मॅडमचा स्वतःचा कागद

सोलापुरात आमच्या शाळेत फॉर्म सोळा, म्हणजे पगारातून कापलेल्या कराचा दाखला, घ्यायचा तर आधी येमूल मॅडमची बोलणी खायची, मग कागद. राजेश्वरी येमूल, वय सत्तावन्न, कार्यालयात नोकरी एकतीस वर्षं. वडील मागावर, नवरा मागावर, आणि या बाई आकड्यांवर. मास्तर लोकांना त्या वर्षानुवर्षं एकच सांगत आल्या, "सरकारच्या २६ एएसवर, पोर्टलवरच्या त्या कापलेल्या कराच्या यादीवर, भुलू नका. आधी बारा पगारपावत्या काढा, बँकेचा कागद काढा, एकेक ओळ बोट ठेवून जुळवा. मग बोला." कुणी नुसता पोर्टलवरचा आकडा घेऊन आला की त्याला उभ्या उभ्या परत पाठवायच्या. यात त्यांना थोडी मजाही वाटायची, हे कबूल करायला हवं.

जुलैच्या पहिल्या शुक्रवारी चित्रकलेचे म्हेत्रे सर कापडी पिशवी घेऊन त्यांच्या टेबलापुढे बसले. माणूस गुणी, पण कागदाच्या बाबतीत सगळा आनंद. घरकर्जाच्या व्याजाचा दाखला आणि आईच्या आरोग्यविम्याची पावती मार्च संपल्यावर आणून दिलेली. त्यामुळे शाळेने त्यांच्या पगारातून कर जास्त कापला होता. तो आता विवरणपत्र भरून परत मागायचा.

"मॅडम, मी घरी बघितलं पोर्टलवर. दोन हजार आठशे परत मिळणारेत. भरून टाका की."

"पगारपावत्या आणल्यात?"

"आणल्यात की ओ. तुमच्यापुढं मोकळ्या हातानं यायची कुणाची छाती आहे?"

मॅडम जुळवायला लागल्या. आधी व्याज. बँकेत सरांच्या मुदत ठेवी, त्यांवर व्याज बासष्ट हजार, बँकेने कापलेला कर सहा हजार दोनशे. २६ एएसमध्येही तेवढाच. टिक. मग पगार. सगळ्या वजावटी जाऊन, व्याज धरून उत्पन्न राहिलं साडेपाच लाख. त्यावर कर बावीस हजार पाचशे, उपकर नऊशे, म्हणजे तेवीस हजार चारशे. पगारपावत्यांची बेरीज सांगत होती, शाळेने वर्षभरात एकेचाळीस हजार सहाशे कापले. २६ एएसमध्ये मात्र वीस हजारच. जानेवारी ते मार्चचे एकवीस हजार सहाशे गायब.

म्हणजे परत मिळायला हवेत चोवीस हजार चारशे, आणि हा बाबा दोन हजार आठशेवर खूश होऊन बसलाय! मॅडमना आधी हसू आलं. मग त्यांना आठवलं की कुणाचा किती कर कापला याचं तिमाहीचं पत्रक सरकारकडे भरणारं दुसरं कुणी नाही, आपणच. त्यांनी मेमध्ये भरलेली यादी उघडली. हजेरीपुस्तकाच्या क्रमाने नावं. येमूल, खाली म्हेत्रे. म्हेत्रेंची ओळ करताना वरची स्वतःची ओळ तशीच खाली उतरवली होती, रक्कम बदलली होती आणि पॅन बदलायचा राहिला होता. म्हेत्रे सरांचे एकवीस हजार सहाशे येमूल मॅडमच्या पॅनवर जाऊन बसले होते.

पैसे नुसते बसले नव्हते, घरी आले होते. जूनमध्येच मॅडमनी स्वतःचं विवरणपत्र भरलं होतं. परतावा यायला हवा होता एकोणीसशेच्या आसपास, आणि पोर्टलने दाखवले तेवीस हजार पाचशे. तेव्हा त्यांच्या मनात काहीतरी टोचलं होतं. पण धाकटीच्या शैक्षणिक कर्जाचं व्याज या वर्षी पहिल्यांदाच दाखवलं होतं, त्याचंच आलं असेल, असं म्हणून त्यांनी ते टोचणं गप्प केलं. पगारपावत्या कपाटात होत्या. काढल्या नाहीत.

"काय झालं मॅडम? गणित चुकलं काय माझं?"

"पोर्टल चालेना," मॅडम म्हणाल्या. पोर्टल समोर छान चाललं होतं. "सोमवारी या."

"सोडा की ओ, दोन-तीन हजारांसाठी कशाला डोकं लावता? आले तर आले, नाही तर सरकारला आपल्याकडून चहा."

सर पिशवी उचलून शीळ घालत गेले आणि मॅडमना तेच झोंबलं.

शनिवार, रविवार त्यांना घर खायला उठलं. त्या पैशांतून घेतलेलं कपडे धुण्याचं यंत्र मोरीत घरघरत होतं. आयुष्यभर हातांनी धुतलं, आता तरी सुख, असं म्हणत हौसेनं घेतलेलं. रविवारी त्यांनी त्याचा खटका बंद केला आणि कपडे बादलीत भिजवले.

"यंत्र बिघडलं काय?" नवऱ्याने, व्यंकटेशने विचारलं.

"नाही."

"मग तू बिघडलीस."

त्यांनी सगळं सांगितलं. भाकरीला शेंगाचटणी लावता लावता व्यंकटेश म्हणाला, "मग दुरुस्तीचं पत्रक भर. पैसे सरकारला भर. हेडमास्तर कुठं वाचून सही करतात? म्हेत्रेला त्याचे मिळाले की झालं. गावभर बोंब कशाला?"

बरोबर तेच त्यांच्याही मनात शुक्रवारपासून होतं. दुरुस्ती झाली की ओळ सरकेल, कुणाला पत्ता लागणार नाही, आणि येमूल मॅडम पहिल्यासारख्या लोकांना उभ्या उभ्या परत पाठवायला मोकळ्या. फार सोपं होतं. रात्रभर त्या कूस बदलत राहिल्या. वर्षभरात निवृत्ती. एकतीस वर्षं जपलेलं नाव, आणि चूक झाली ती अशी की ऐकणारा म्हणेल, बाईंनी दुसऱ्याचे पैसे हळूच आपल्या नावावर लावले.

सोमवारी मधल्या सुट्टीत म्हेत्रे सर आले. मॅडमनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले, त्यांचा आणि स्वतःचा.

"वाचा."

"मी?"

"मोठ्यानं वाचा. शेवटची तिमाही. आधी तुमची, मग माझी."

सरांनी बोट ठेवून वाचलं. पुन्हा वाचलं. खोलीत शिपाई आणि दोन शिक्षिका होत्या, त्यांच्या हातातले चहाचे कप तसेच राहिले.

"म्हणजे मॅडम," सर सावकाश म्हणाले, "जूनमध्ये परतावा आला म्हणून तुम्ही आम्हाला पेढे वाटले..."

"ते तुमच्या पैशांचे होते."

"आणि मी एकच खाल्ला ओ!"

शिक्षिका हसल्या. मॅडमना हसता आलं नाही. कान तापले होते. पेन्सिलीची टोकं करत त्या खाली मान घालून बोलत राहिल्या. आज दुरुस्तीचं पत्रक जाईल, ओळ तुमच्या पॅनवर येईल, ती दिसेपर्यंत विवरणपत्र भरायचं नाही, महिनाअखेरची मुदत आहे, वेळ पुरेल. मी माझं सुधारित विवरणपत्र भरते, जास्तीचे पैसे सरकारला परत, वर व्याज लागलं तर तेही. हेडमास्तरांकडे त्यांनी पत्रक नेलं, आणि सही करण्याआधी त्यांनाही ते वाचायला लावलं.

पंधरा दिवसांनी म्हेत्रे सरांच्या २६ एएसमध्ये पगाराचे एकेचाळीस हजार सहाशे दिसले, व्याजाचे सहा हजार दोनशे होतेच. सरांनी जागेवरच विवरणपत्र भरलं. परतावा चोवीस हजार चारशे. उठता उठता ते थांबले.

"एक विचारू मॅडम? मला कळलंसुद्धा नसतं. मी दोन हजार आठशेवर खूश होतो."

"म्हणूनच झोप लागेना," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही भांडला असता तर लागली असती."

सर खुर्ची ओढून पुन्हा बसले आणि त्यांनी हात पुढे केला. "तुमच्या पगारपावत्या द्या इकडं. सुधारित भरायचंय ना? मी वाचतो, तुम्ही टिक करा."

मॅडमनी कपाट उघडलं. बारा पावत्या दोऱ्यात ओवून ठेवलेल्या होत्या, ओवल्यापासून एकदाही न सोडलेल्या. गाठ सुटेना, तेव्हा त्यांनी ती दातांनी सोडवली.

"एप्रिल," सरांनी वाचायला सुरुवात केली.