दोन घड्याळांची पावती

दुर्गा साटम पन्नाशीला टेकल्यावर गणवेश चढवून रस्त्यावर उभी राहिली, तेव्हा लालबागच्या चाळीत कुजबुज झाली. गिरणी बंद पडली तशी तिच्या नवऱ्याची उमेद संपली, मग नवराही गेला. दहा वर्षं तिने पोळीभाजीचे डबे केले. पुढे तिच्या महिला बचत गटाला महापालिकेकडून दादरच्या बाजारामागच्या एका गल्लीतलं पे अँड पार्क चालवायला मिळालं. "बायका काय गाड्या लावणार?" असं ज्याने त्याने विचारलं. पण महिनाभरात दुर्गा हाताच्या दोन इशाऱ्यांत मोठी गाडी दोन गाड्यांच्या मधे अलगद बसवू लागली.

गल्लीत दराची पाटी होती: गाडीला पहिल्या तासाचे वीस, तीन तासांपर्यंत तीस, स्कूटरला कमी. गाडी लागली की पावतीवर तिचा नंबर नि आल्याची वेळ लिहायची. पावती गिऱ्हाइकाला, स्थळप्रत पुस्तकात. निघताना वेळ बघून पैसे घ्यायचे नि ती वेळ वहीत टिपायची.

भांडणं रोजची. "पाच मिनिटांत आलोच," म्हणणारे दीड तासाने यायचे. "ड्रायव्हर आत बसलाय, मग कसले पैसे?" असंही कुणी विचारायचं. दुर्गा हसून म्हणायची, "ड्रायव्हर बसलाय, पण गाडीने जागा अडवलीच ना साहेब?"

गिरगावचे मनमोहन तळपदे दर गुरुवारी बायकोला गुडघ्याच्या व्यायामासाठी या गल्लीतल्या दवाखान्यात आणत. वय शहात्तर, इस्त्रीचा बुशशर्ट, गाडी जुनी पण आरशासारखी चकचकीत. एका गुरुवारी दुर्गाने पावती बघून तीस रुपये मागितले.

"वीस," तळपदे म्हणाले. "मला अजून तास व्हायचाय."

"पावतीवर दहा पाच आहे काका. आता अकरा दहा झाले."

"मी दहा बारा-तेराला आलो. तुमची वेळच चूक आहे."

दुर्गाने मनगट पुढे केलं. "समजा माझं घड्याळ चुकतंय. मग येतानाही तेवढंच चुकलं असणार. तास तर तासच राहिला."

"पावती तुम्ही कुठे लिहिलीत? त्या टोकाला दुसऱ्या बाई होत्या, त्यांनी लिहिली."

दुर्गाने मान वळवून त्या टोकाकडे बघितलं. मग तिने पाटीवर लिहिलेला तक्रारीचा नंबर दाखवला. "आता तीस द्या. तक्रार करायची तर इथे करा, तुमचा हक्क आहे. पण मी आधी बघते."

तळपद्यांनी तीस रुपये मोजून दिले, पावती घडी करून खिशात ठेवली आणि निघाले.

दुर्गा तडक दुसऱ्या टोकाला गेली. तिथे नलू होती, गटाची चिटणीस.

"नलू, किती वाजले गो?"

"अकरा दहा."

दुर्गाच्या घड्याळात अकरा अठरा झाले होते. समोरच्या फळवाल्या लवूने मोबाइल बघून सांगितलं, "अकरा अठरा." म्हणजे नलूचं घड्याळ आठ मिनिटं मागे होतं. तिच्या टोकाला पावती घेऊन दुर्गाच्या टोकाने निघालेल्या प्रत्येकाचा तास आठ मिनिटं लवकर संपत होता.

नलूचा चेहरा पडला. "कुणाला सांगू नको गो. गल्ली काढून घेतील आपल्याकडून."

"लपवलं तर नक्की घेतील. आणि आपण काय मुद्दाम केलंय?"

दोघी पायरीवर बसल्या नि आठवड्याच्या स्थळप्रती नि वही उलटू लागल्या. तास जेमतेम उलटल्यावर नलूच्या टोकाकडून इकडे येऊन गेलेल्या पाच-सहा गाड्या सापडल्या. त्यातल्या तीन रोजच्या होत्या. दुर्गाने त्यांना गाठून दहा-दहा रुपये परत केले. एक डॉक्टर तर खूप वेळ हातातल्या नोटेकडेच बघत राहिले. मग तिने आपल्याच हाताने वॉर्ड ऑफिसला अर्ज लिहिला: काय चुकलं, काय केलं. दोन्ही घड्याळं मोबाइलवरून लावून घेतली आणि नियम केला. पावती देताना वेळ मोठ्याने सांगायची, गिऱ्हाइकाने हो म्हटलं की मगच पुढे जायचं.

वॉर्ड ऑफिसचा माणूस येऊन गेला, पुस्तकं बघितली, अर्जावर शेरा मारला. गल्ली गटाकडेच राहिली.

पुढच्या गुरुवारी दुर्गाने तळपद्यांच्या हातावर दहाची नोट ठेवली. ते अवघडले.

"मी तक्रार केलीच नाही," ते म्हणाले. "तुम्ही नंबर दाखवलात, तेव्हाच राग उतरला."

"पण काका, पावतीसाठी तुम्ही एवढे अडून का बसता?"

त्यांची बायको गाडीतून हसली. "छप्पन साली हे संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात पकडले गेले, कॉलेजात होते. पोलिसांनी घड्याळ आणि पेन काढून घेतलं, तर म्हणाले, आधी पावती द्या!"

"मग दिली?" दुर्गाने विचारलं.

"दिली," तळपदे ताठ होत म्हणाले. "आणि तीन आठवड्यांनी दोन्ही वस्तू परत मिळाल्या."

दुर्गा मनमोकळं हसली. मागून एक टेम्पो हॉर्न वाजवत होता. तिने हात वर करून त्याला थांबवला नि तळपद्यांची गाडी सावकाश जागेत घेतली.

"दहा वाजून सात," ती म्हणाली.

"हो, बरोबर," आतून दोघांनी एकदमच उत्तर दिलं.