स्टेपनीची ओळ

मंडळीत सगळे तिला स्टेपनी म्हणत. गाडीच्या डिकीत पडून असलेलं जादा चाक म्हणजे स्टेपनी, आणि संगीत-नृत्यनाटकात तिचं काम नेमकं तेच होतं. रंगमंचावर आठजणी नाचायच्या आणि ही नववी विंगेत मेकअप करून, केस बांधून, बुटांचे बंद आवळून बसलेली असायची. कुणाचा पाय मुरगळला, कुणाला ताप भरला, की हिने त्या जागी उतरायचं. पहिलीची उडी डावीकडे, पाचवीची उजवीकडे, सातवी मध्येच पाठमोरी होते आणि तिसरीच्या हातात दिवा असतो, हे सगळं तिच्या एकटीच्या अंगात बसलेलं होतं. एकदा तर मध्यंतरापूर्वी ती दुसरी होती आणि मध्यंतरानंतर सहावी. प्रेक्षकांना पत्ता लागला नाही. लागू नये, हेच तर काम. धंद्यात याला स्विंग म्हणतात, आणि बरी स्विंग मिळणं मुख्य नटी मिळण्यापेक्षा अवघड, असं सगळे दिग्दर्शक म्हणतात. म्हणतात फक्त. पुष्पगुच्छ द्यायची वेळ आली की विंगेकडे कुणाची मान वळत नाही.

"अगं, प्रेमाने म्हणतो स्टेपनी!" असं लोक सांगायचे. प्रेमाने चिमटा काढला म्हणून तो दुखायचा थोडाच राहतो.

आता तिचा गुडघा कुरकुरायला लागला होता. अशात शहरातल्या मोठ्या नाट्यगृहाने नवं नृत्यनाटक काढलं आणि त्यांना स्विंग हवी होती. अख्ख्या हंगामाचं कराराचं काम. हे मिळालं तर अजून एक हंगाम रंगमंचावर, नाहीतर उरलेलं आयुष्य क्लासमध्ये लहान मुलींपुढे टाळ्या वाजवत एक-दोन-तीन-चार मोजायचं, हे तिला स्पष्ट दिसत होतं.

तिचा धाकटा भाऊ कलाकारांचा एजंट होता. एजंट म्हणजे काय, तर पुढच्या खोलीत एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि भिंतीवर हसऱ्या चेहऱ्यांचे फोटो. तिने त्याला आपल्या कामाचा सगळा हिशोब हाताने लिहून दिला होता. एवढी वर्षं नाचल्यावर तो चार पानं भरला, यात तिची काय चूक? भावाने पानं उलटीपालटी केली आणि हसला.

"ताई, हे काय, आत्मचरित्र लिहिलंस? कलाकाराचा बायोडेटा म्हणजे एक पान. फोटोच्या आकाराचं कापायचं आणि फोटोच्या पाठीला स्टेपल करायचं. वर नाव, फोन, उंची, आवाजाची पट्टी. मग तीन रकाने: नाटक, भूमिका, संस्था नाहीतर दिग्दर्शक. खाली शिक्षण, कुणाकडे काय शिकलीस ते. सगळ्यात खाली खास कौशल्यं. संपलं! साल नाही, वय नाही."

"मला माहितीये रे. फक्त एक लक्षात ठेव. मुख्य नाटकापुढे 'समूह' लिही, आणि 'स्विंग, आठही जागा' हे नीट लिही. ती ओळ कापू नकोस. बाकी काय कापायचं ते काप."

"तू टेन्शन घेऊ नकोस. मीच पाठवतो परस्पर."

ती घेत नव्हती टेन्शन. तिथेच चुकलं. धाकट्या भावावर तिचा आंधळा विश्वास होता, आणि त्याच्या मुलीवर तर जीवच. भाची शाळेत जायला लागली तेव्हापासून आत्याच्या क्लासमध्ये शेवटच्या रांगेत उभी राहून नाच शिकली होती. पोरगी गुणी होती. फक्त अजून कच्ची होती, आणि कच्चं असणं हा काही गुन्हा नाही.

निवडचाचणीच्या सकाळी नाट्यगृहाच्या पॅसेजमध्ये भिंतीला पाठ लावून विशी-पंचविशीच्या पोरी पाय ताणत बसल्या होत्या. ही आत शिरल्यावर दोघी-तिघींनी सरकून जागा दिली. त्यांना वाटलं, कुणाची तरी आई आली. चष्मा लावलेली सहायक दिग्दर्शिका हातात स्टेपलर घेऊन कागद फोटोंना जोडत होती. तिने एक उचलून पुढे केला.

"मॅडम, फोन नंबर बरोबर आहे का बघा फक्त."

नंबर भावाचा होता, म्हणजे बरोबर होता. पण तिची नजर रकान्यांवर गेली आणि तळपायाची आग मस्तकात गेली. 'भूमिका' या रकान्यात वरपासून खालपर्यंत 'मुख्य नर्तकी', 'मुख्य नर्तकी', 'नायिका'. जिथे ती विंगेत बसून घाम पुसत होती, त्या नाटकात भावाने तिला सिंहासनावर बसवली होती. 'समूह' गेला होता. 'स्विंग' गेलं होतं. आठही जागा गेल्या होत्या, आणि खास कौशल्यांत उगवलं होतं 'घोडेस्वारी'. घोडा तिने लग्नाच्या वरातीतसुद्धा जवळून पाहिला नव्हता.

"ही कशाची चाचणी आहे?" तिने विचारलं.

"नायिकेची. स्विंगची काल झाली."

तेवढ्यात तिच्या नावाचा पुकारा झाला. टेबलामागे नृत्यदिग्दर्शक बसला होता, आणि तिने त्याला एका नजरेत ओळखलं. ती स्विंग होती त्याच नाटकाच्या दौऱ्यात सुरुवातीची काही वर्षं तो पुरुषांच्या रांगेत नाचायचा. त्याने कागद वाचला, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा कागद वाचला.

"तू? नायिका? कुठल्या नाटकात गं? मी होतो ना तिथे!"

"पेन दे," ती म्हणाली.

तिने उभ्या-उभ्या तीनही ओळींवर काट मारली, घोड्यावर दोनदा मारली, आणि समासात लिहिलं: समूह. स्विंग, आठही जागा. राग एवढा होता की कागद फाटला.

"हे मी लिहिलेलं नाही. पण माझ्या फोटोच्या पाठीला आहे, म्हणजे माझंच. मला नायिका व्हायचं नाही. मी स्विंगसाठी आलेय."

सहायिका चुळबुळली. "पण स्विंग काल निवडली आम्ही. तिलाही त्याच नाटकाचा अनुभव आहे." तिने फोल्डरमधून एक फोटो काढून टेबलावर ठेवला.

फोटो भाचीचा होता. अंगातला हिरवा टॉप आत्यानेच घेऊन दिलेला. दिग्दर्शकाने फोटो उलटा केला, आणि पाठीमागच्या कागदावर तिला स्वतःचीच ओळ दिसली: समूह. स्विंग, आठही जागा. खाली कौशल्यांत, तिच्याच शब्दांत: 'तासाभराच्या सूचनेवर कोणत्याही जागेवर उतरते'. साल लिहायची पद्धतच नव्हती, त्यामुळे बावीस वर्षांच्या पोरीच्या नावावर ही ओळ खपून गेली होती. तिच्यातून कापलेला तुकडा भावाने फेकला नव्हता, पोरीला शिवला होता.

"त्या नाटकात स्विंग एकच होती," दिग्दर्शक सावकाश म्हणाला. "ही मुलगी होती का तिथे?"

नाही म्हटलं तर पोरीचं पहिलंच काम जातं. हो म्हटलं तर दुसऱ्याच आठवड्यात कुणीतरी आजारी पडणार, ही पोरगी न येणाऱ्या जागेवर उतरणार, उजवीकडे उडी घ्यायच्या जागी डावीकडे घेणार आणि शेजारणीचे दात पाडणार. आणि खरं सांगायचं तर दात हा नंतरचा विचार होता. आधी आला तो राग. आयुष्यात एकच गोष्ट तिची स्वतःची होती, आणि तीही तिला न विचारता वाटून टाकली होती.

"नव्हती," ती म्हणाली. "ती ओळ माझी आहे."

दिग्दर्शकाने दोन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवले. दोन्हींवर फोन नंबर एकच. 

"मी तुला ओळखतो. पण निर्माते मला ओळखत नाहीत, त्यांना कागद दिसतो. एका घरातून दोन कागद आले, दोन्ही खोटे. मी कुणाची बाजू घेऊ? दोन्ही बाजूला ठेवावे लागतील."

"माझा मी दुरुस्त केलाय!"

"माझ्यासमोर केलास. पाठवतानाच करायला हवा होता." असं म्हणून त्याने पुढच्या मुलीला बोलवायची खूण केली.

ती तिथून थेट भावाच्या घरी गेली. बेल वाजवली नाही, दार ढकललं.

"मी तुला मुख्य केलं आणि तू माझ्यावरच ओरडतेस?" भाऊ म्हणाला. त्याला खरंच आश्चर्य वाटलं होतं, हेच सगळ्यात संतापजनक. "अगं, स्विंग लिहिलं की माणूस हलका वाटतो. तुझ्या पानावर ती ओळ नुसती अडगळ होती. पोरीचं पान मात्र रिकामं. दिली तिला. तुझं काय, तिचं काय, घरातल्या घरातच राहिलं ना!"

"असं? मग तुझे पुढचे दोन दात काढते आणि तिला बसवते. घरातल्या घरातच राहतील."

"तू पोरीच्या पोटावर पाय दिलास, ताई."

"पाय कुठे ठेवायचा हे मला चांगलं कळतं. आठही जागांवर कळतं. तुला एक ओळ जागेवर ठेवता आली नाही." भिंतीवर तिचाही एक हसरा फोटो होता. तिने तो खिळ्यासकट उपटला, आणि भिंतीचा पोपडा खाली पडला तो उचलायला थांबली नाही. तो दिवस, तो आठवडा, ती दातओठ खात राहिली. क्लासमध्ये लहान मुलींना मोजून दाखवताना आकडेसुद्धा शिव्यांसारखे तोंडातून निघत होते.

रविवारी क्लास सुटल्यावर भाची दारात उभी राहिली. डोळे सुजलेले.

"आत्या, शपथ, बाबांनी काय लिहिलं ते मी वाचलंच नव्हतं."

"वाचायचं होतं. तुझ्या तोंडामागे चिकटवलेला कागद आहे तो."

पोरीने मान खाली घातली आणि पिशवीतून एक पान काढलं. "हे मी स्वतः केलंय. तुला दाखवल्याशिवाय कुठे देणार नाही."

पान जवळजवळ कोरं होतं. नाव, फोन, तोही स्वतःचा. उंची. आवाजाची पट्टी. नाटकाच्या रकान्यात कॉलेजचं एकच नाटक, भूमिकेत 'समूह'. कौशल्यांत काहीच नाही, घोडासुद्धा नाही. शिक्षणापुढे लिहिलं होतं: नृत्य, पंधरा वर्षं, आत्याकडे.

आत्याने ते दोनदा वाचलं. मग शिक्षणाच्या ओळीवर बोट ठेवलं.

"आत्या कोण?"

पोरगी गोंधळली. "म्हणजे... तू."

"टेबलामागे बसलेल्याला आत्या कोण ते काय माहीत? त्याची आत्या भाजी निवडत असेल. गुरूच्या जागी माणसाचं नाव लिहायचं असतं." तिने पेन पुढे केलं. "खोड ते. आणि पूर्ण लिही. स्टेपनी नको, ताई नको, आत्या नको."

भाचीने लिहिलं, आडनावासकट. आत्या तिच्या खांद्यावरून वाकून पाहत राहिली. शाई वाळेपर्यंत तिने पोरीला कागद उचलू दिला नाही.