ज्ञानोबा स्टुलावर बसले

लातूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात ज्ञानोबा पंचवीस वर्षं प्रयोगशाळा परिचर होते. फिजिक्सच्या लॅबमधलं फिरतं स्टूल त्यांच्या ताब्यात. दरसाल बेअरिंगला तेल घालायचे, पोरांना वर बसवायचे, हातांत पाच-पाच किलोची वजनं देऊन ढकलायचे; हात आत घेतले की स्टूल पळतं, पसरले की मंदावतं, हे दाखवायला. "भ्यालास तरी वजनं टाकू नको. टाकून स्टूल थांबत न्हाई, फरशी तेवढी फुटती."

स्वतः ते कधी बसले नाहीत.

कारण किल्लारी. त्र्याण्णवच्या भूकंपात ते बारा वर्षांचे होते. भिंत अंगावर आली. दुपारपर्यंत हात छातीशी दबलेले, तोंडात माती. बाहेर काढलं तेव्हा आई राहिली नव्हती. तेव्हापासून पायांखालचं काही हललं की त्यांचा जीव गोळा व्हायचा. जत्रेतल्या पाळण्याकडेही ते पाठ करून उभे राहायचे.

लेक विशाखा एम.एस्सी. झाली आणि त्याच कॉलेजात तासिका तत्त्वावरची जागा निघाली. त्यासाठी नमुना पाठ द्यायचा होता. तिला विषय मिळाला: ध्रुवांवरचं बर्फ वितळलं तर दिवसाची लांबी.

सकाळी चहा पिताना ज्ञानोबांनी विचारलं, "धरती खरंच हळू व्हायली का गं?"

"हाव पप्पा. अंटार्क्टिका, ग्रीनलँड, तिथलं जमिनीवरचं बर्फ वितळायलंय. ते आसाच्या जवळ होतं. पाणी होऊन समुद्रभर पसरतं, विषुववृत्ताकडं जातं. वजन आसापासून लांब गेलं की फिरणं मंदावतं."

"मंग थांबंल की एक दिवस."

"न्हाई ओ. सगळं बर्फ वितळलं तरी दिवस एका सेकंदानं बी वाढायचा न्हाई."

"इथं काय होत न्हाई, असं किल्लारीत बी म्हनायचे."

ज्ञानोबांनी अर्धा चहा तसाच ठेवला.

सुट्टीचे दिवस. लॅबमध्ये पोरं नव्हती. समोर दोनच माणसं: प्राचार्य माणिकप्पा आणि नांदेडहून आलेल्या तज्ज्ञ रुद्राणी मॅडम. विशाखानं आकृती काढली, गणित मांडलं. मॅडम म्हणाल्या, "दाखवा आता. कुणाला बसवता?"

"मी बसलो तर स्टूलच वितळंल," प्राचार्य हसले. "ज्ञानोबा, बसा तुम्ही."

"पप्पा नको, मी बसते," विशाखा पटकन म्हणाली.

"तुम्ही बसलात तर शिकवणार कोण?" मॅडमनी घड्याळ पाहिलं.

ज्ञानोबा बसले. पाय दांडीवर टेकवले. वजनं घेऊन हात पसरले. लेकीनं हलकेच ढकललं. खिडकी गेली, फळा गेला, लेकीचा चेहरा गेला.

"पसरलेले हात म्हणजे समुद्राचं पाणी," विशाखा म्हणाली. "आधी ध्रुवांवर बर्फ जमा करू. हात आत घ्या."

त्यांनी हात छातीशी घेतले आणि स्टूल सुसाट झालं. खिडकी, फळा, चेहरा एक झाले. तोंडात मातीची चव आली. भ्यालेला माणूस अंग आवळतो. ते आणखी आवळले. स्टूल आणखी फिरलं.

"आता बर्फ वितळलं. हात उघडा."

उघडेनात.

"पप्पा!" आवाज एका बाजूनं आला, मग दुसऱ्या बाजूनं. ती हात पुढं करून थांबली होती. धरलं असतं तर स्टूल थांबलं असतं, आणि पाठही. "पप्पा, हात उघडले तरच हळू होईल. तुम्हीच पोरांना सांगता."

बोटभर, मग वीतभर, असे ज्ञानोबांचे हात सुटले. खिडकी वेगळी झाली. फळा वेगळा झाला. लेकीचा चेहरा सावकाश समोरून गेला.

"दिवस मोठा झाला," विशाखा म्हणाली.

"कशावरून?" मॅडम म्हणाल्या. "बेअरिंग जुनं आहे. घर्षणानं मंदावलं असेल."

विशाखानं बापाकडं पाहिलं. उत्तर तिला माहीत होतं. पण पुन्हा हात आत घ्या, असं त्यांना सांगायला तिची जीभ वळेना. मॅडमनी पेनाचं टोपण काढलं.

ज्ञानोबांनी डोळे मिटले आणि कुणी न सांगता हात पुन्हा छातीशी घेतले.

स्टूल पुन्हा पळालं. घर्षणानं कुठलंच चाक पळत नसतं. त्यांच्या घशातून बारीक आवाज निघाला, आईला हाक मारल्यासारखा. मग त्यांनी स्वतःच हात पसरले आणि स्टूल पुन्हा मंदावलं.

"बस," मॅडम उठून उभ्या राहिल्या. "थांबवा त्यांना. पाठ झाला."

विशाखानं स्टूल धरलं. ज्ञानोबांचे पाय फरशीला लागले तरी वजनं त्यांच्या मुठींतून सुटेनात. तिनं एकेक बोट उकललं.

"पंधरा जूनपासून या," प्राचार्य म्हणाले. हसले नाहीत.

बाहेर पायरीवर बापलेक बसले.

"गेली का भीती?"

"न्हाई. लई हाय." त्यांनी दोन्ही तळवे जमिनीवर टेकवून ठेवले होते. "पन हात पसरले तरी स्टूल हळूच झालं, थांबलं न्हाई. सेकंदाचं तू म्हनलीस ते पटलं."