एल्स-इफनंतरची मोकळी वाट

वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी मी संगणकाच्या वर्गात नाव घातले, तेव्हा मला सर्वांत मोठी भीती होती ती चूक करण्याची नव्हे, चूक करताना कोणी पाहील याची. गणितात एम.एस्सी. होऊन अठरा वर्षे झाली होती. ती आईच्या आजारपणात गेली. पुढे आई राहिली नाही आणि भावाच्या घरात माझ्या वाट्याला रिकाम्या दुपारी येऊ लागल्या. जालन्यात तेव्हा नुकतेच ‘जावा’ या संगणकभाषेचे वर्ग सुरू झाले होते. पहिल्या मजल्यावर सहा यंत्रे आणि एका यंत्रापुढे दोघांना बसायचे.

माझ्या यंत्रावर दुसरी जी होती ती माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. बी.कॉम. झालेली. वडील औद्योगिक वसाहतीतल्या लोखंडाच्या कारखान्यात रोजंदारीवर होते आणि आई बियाण्याच्या कंपनीत पॅकिंगला. पहिल्या दिवशी मी कळफलकावर एकेक अक्षर शोधत होते. ती शेजारून म्हणाली, “ताई, तुमी नुसतं सांगा, मी टाइप करून राह्यले. तुमचं डोकं, माझी बोटं.” त्या दिवसापासून आमचे तसेच ठरले. डोके फक्त माझे आणि बोटे फक्त तिची, ही वाटणी खरी नव्हती, हे मला लवकरच दिसू लागले होते. मात्र मी ते कधी बोलून दाखवले नाही.

सहा महिन्यांचा वर्ग संपत आला तेव्हा संचालकांनी सांगितले, की वर्गातूनच एकीला किंवा एकाला शिकवण्यासाठी ठेवून घ्यायचे आहे. जागा एकच. लेखी परीक्षेवर निवड. जो शिकवील त्याला पुढचा वर्षभराचा अभ्यासक्रम विनामूल्य करता येणार होता. तिच्या दृष्टीने त्या जागेचा अर्थ एवढाच होता, आणि तिने तो मला जिन्यात शेंगदाणे खाता खाता सांगितला होता. “लागलं तर पुढचं शिकन, ताई. न्हाई लागलं तर एक तारखेपासून आईसंगं पॅकिंगला. बाबांनी जागा बोलून ठेवलीय. दोन्हीकडं नाव घातलंय, बघू कोण आधी बोलावतं.” ती हसली. मी हसले नाही.

परीक्षेच्या आदल्या दिवशी आम्हांला यंत्र मिळणार होते. पण भारनियमनाची वेळ बदलली आणि दुपारभर वीज नव्हती. आम्ही वह्या घेऊन जिन्यात बसलो. परीक्षेत छोटे छोटे तुकडे देऊन ‘हे कंपाइल होईल का, न झाल्यास कोणती चूक दाखवील’ असे विचारणार, हे ठाऊक होते. कंपायलर हा लिहिलेला प्रोग्रॅम चालण्याआधी तपासून यंत्राच्या भाषेत उतरवतो. काही नियम दोघींना पक्के होते. रिटर्ननंतर, म्हणजे उत्तर देऊन बाहेर पडल्यावर, त्याच ओघात पुढची ओळ लिहिली, तर तिथे कधीच पोचता येणार नाही म्हणून कंपायलर ‘अनरीचेबल स्टेटमेंट’ म्हणतो. ‘व्हाइल ट्रू’च्या, म्हणजे कायम फिरत राहणाऱ्या आवर्तनात थांबवणारा ब्रेक नसेल, तर त्याखालच्या ओळीलाही तो तेच म्हणतो. आणि पद्धतीने, म्हणजे मेथड नावाच्या तुकड्याने, पूर्णांक परत द्यायचा असे वर कबूल केले असेल, पण एखाद्या वाटेने काही न देता तिच्या शेवटच्या कंसापर्यंत जाता येत असेल, तर ‘मिसिंग रिटर्न स्टेटमेंट’.

मग तिने वहीत स्वतःच एक तुकडा लिहिला. n हा पूर्णांक.

if (n >= 0) return 1;
else if (n < 0) return -1;

“याच्याखाली काही न्हाई,” ती म्हणाली. “हे चालंल का, ताई?”

“चालेल,” मी म्हणाले. “पूर्णांक एक तर शून्य किंवा त्याहून मोठा असतो, नाहीतर शून्याहून लहान. तिसरा पर्याय नाही. दोन्हींकडे रिटर्न आहे. म्हणजे शेवटच्या कंसापर्यंत कोणी पोचणारच नाही.”

तिने पेन्सिल कानामागे खोचली. “पण मला वाटतं त्याला हे कळत नसंल.”

“कोणाला?”

“कंपायलरला. तो n कुठं बघतो? तो नुसत्या वाटा बघत असंल. दुसरा इफ खोटा निघाला तर खाली जायची वाट मोकळी दिसती की.”

“दुसरा इफ खोटा निघूच शकत नाही.”

“ते तुमाला ठाऊक, मला ठाऊक.”

मी तिला समजावू लागले. मला स्वतःच्या विषयाचा तेवढा एकच आधार होता, आणि अठरा वर्षांनंतर कोणी तरी माझे गणित ऐकून घेत होते. मी आकडेरेषा काढली, तिचे दोन भाग केले, दोन्ही भागांत मिळून सगळी रेषा येते हे दाखवले. शेवटी ती म्हणाली, “बराबर आहे. तुमी सांगितल्यावर बिलकुल बराबर वाटतं.” आणि तिने माझे वाक्य वहीत उतरवून घेतले: तिसरा पर्याय नाही.

परीक्षेच्या सकाळी मी तासभर आधी पोचले. वीज होती. खोली रिकामी होती. काही तरी करायचे म्हणून मी आमच्या यंत्रापुढे बसले आणि एकेक अक्षर शोधत कालचा तुकडा टाकला. कंपायलरने एक ओळ दाखवली: मिसिंग रिटर्न स्टेटमेंट. खालची टोकदार खूण शेवटच्या महिरपी कंसाकडे होती.

मी ते पाहत बसले. मग दुसरा इफ काढून तिथे नुसते एल्स ठेवले, तक्रार गेली. पूर्वीचाच तुकडा पुन्हा लिहून खाली रिटर्न शून्य टाकले; तरीही तक्रार गेली, आणि ‘अनरीचेबल’सुद्धा म्हटले नाही. म्हणजे ज्या ओळीवर कोणी कधी पोचणार नाही असे मी सिद्ध केले होते, ती त्याच्या मते पोचता येण्यासारखी होती. अटीत काय म्हटले आहे याचा तो विचारच करत नव्हता. दोन अटी मिळून सगळी रेषा व्यापतात, हे त्याच्या कामाचेच नव्हते. व्हाइलमध्ये ‘ट्रू’ असे लिहिलेलेच असते, चालवून न पाहता किंमत ठरते, म्हणून तेवढे तो मानतो. मी ‘व्हाइल n बरोबर n’ लिहून पाहिले. ते नेहमीच खरे, पण n चल आहे, म्हणून त्याखालची वाट त्याने मोकळीच धरली. तिने जे काल पेन्सिल कानाला लावून सांगितले होते, तेच तिथे माझ्यासमोर होते.

मी यंत्र बंद केले आणि बाहेर आले. ती जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून वही वाचत होती. तिच्याभोवती वर्गातली चार मुले होती. एक जण तिला म्हणत होता, “अगं, तुझ्या गणितवाल्या ताईच पेपर काढतेत की काय, इतकं पाठ करून राह्यली?” ती म्हणाली, “त्यांनी काढला असता तर तू दारातूनच वापस गेला असता.”

सगळे हसले. तिने वर पाहिले आणि मला खूण केली, की सगळे ठीक आहे.

माझ्या तोंडात वाक्य तयार होते: काल मी चुकीचे सांगितले. चार शब्द. ते चार जणांसमोर म्हणायचे होते. मी एक पायरी उतरलेसुद्धा. मग शिपायाने आत या म्हणून सांगितले आणि मी वळले.

पुष्कळ वर्षे मी हे माझ्या लाजरेपणाच्या खाती टाकत आले. लाजरेपणा होता, पण पेपर हाती येईपर्यंत पाच मिनिटे होती आणि ती माझ्या शेजारच्याच बाकावर होती. ती जागा मलाही हवी होती, हे मी त्या पाच मिनिटांत पहिल्यांदा ओळखले.

पाचवा प्रश्न जवळजवळ तोच होता. फक्त n च्या जागी गुण होते. मी लिहिले: कंपाइल होणार नाही, मिसिंग रिटर्न स्टेटमेंट. कारणही व्यवस्थित लिहिले. शेजारी तिचा पेन भराभर चालत होता.

निवड माझी झाली. पहिल्या दिवशी संचालकांनी मला चहा दिला आणि उत्तरपत्रिकांचा गठ्ठा समोर ठेवला, पुढच्या वर्गाला चुका दाखवता याव्यात म्हणून. “ती पोरगी थोडक्यात गेली बघा. बाकी सगळं बराबर. पाचव्यात काय लिहिलंय वाचा. अशी अतिशहाणी बुद्धी तिला कुठून सुचली देव जाणे.”

मी वाचले. तिच्या सरळ, उभ्या अक्षरांत होते: पूर्णांक शून्य किंवा मोठा असतो, नाहीतर लहान असतो, तिसरा पर्याय नाही, म्हणून कंपाइल होईल. मी चहा संपवला. पत्रिका गठ्ठ्यात खाली सरकवली.

महिनाभराने ती वर्गाच्या जिन्यात भेटायला आली. माझी एक वही तिच्याकडे राहिली होती. दोन वाजता तिची पॅकिंगची पाळी सुरू होणार होती, म्हणून ती बसायलाही तयार नव्हती, मग बसलीच.

“ताई, मी एका मैत्रिणीच्या भावाच्या मशीनवर ते टाकून पाह्यलं. मिसिंग रिटर्न म्हणतो तो. आपलं दोघींचंबी ते एक चुकलंच बघा.”

ती माझ्याकडे पाहत होती. मी तिच्या नात्यातली नव्हते, तिच्या घरातली नव्हते, तरी मला ताई म्हणणारी ती एकटीच होती.

“हो,” मी म्हणाले. “चुकलं.”

“मंग तुमी मनाला लावून घेऊ नका. बाकीचं तुमचं चांगलं गेलं असंल, म्हणून तर लागलात.” तिने वही उघडली. “हे बघा, मला आता कळलं ते कसं. आमच्या गोदामाला चौकीदार हाय. त्याला सांगितलंय, रात्री प्रत्येक दाराला कुलूप पाहिजे. मागच्या दारानं कुणी येत न्हाई, हे त्याला कितीबी सांगा, त्याला त्याचं काय? दार दिसलं की कुलूप पाहिजे. आन भिंत बांधून बंद केलेल्या जागी दार बसवून ठेवलं, तर म्हणंल, हे कशाला ठेवलं, काढा. येणारा माणूस तो बघतच न्हाई. दारं बघतो.” तिने पानाच्या खाली दोन बाण काढले, दोन्ही इफमधून सुटून शेवटच्या कंसाला जाणारा तिसराही काढला, आणि त्यावर बोट ठेवले. “ही. ही मोकळी राह्यली.”

इतके सोपे करून मी आजवर कोणालाही सांगू शकलेले नाही. पुढे सहा वर्षे मी तोच धडा शिकवला, प्रत्येक तुकडीला, चौकीदार आणि दारे यांच्यासह. मुले हसत आणि लगेच समजत. हे उदाहरण कोणाचे, हे मी एकदाही सांगितले नाही.

“निघते,” ती म्हणाली. “उशीर झाला की सुपरवायझर बोलतो.” तिने वही माझ्या हातात दिली. खाली जाताना ती दोन पायऱ्या एकदम उतरली, पूर्वी वर्गाला उशीर झाल्यावर चढायची तशी.

बियाण्याला लावतात त्या औषधाचा रंग गुलाबी असतो आणि तो धुऊन लवकर जात नाही. ते पान माझ्याकडे आहे. तिसऱ्या बाणाच्या टोकाशी तिच्या बोटाचा गुलाबी ठसा अजून दिसतो.