सव्वापाच मिनिटांचं अंडं

आई गेल्यानंतर मी बाबांकडे राहायला आले, तेव्हा त्यांच्या नाश्त्याचं काम आपोआप माझ्याकडे आलं. घर मुंबईपासून लांब, दक्षिणेतल्या जयनगरमधलं, तीस वर्षांपूर्वी बाबांनी नोकरीत असताना बांधलेलं. ते सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते. सकाळी सातला एक अर्धकच्चं उकडलेलं अंडं, दोन टोस्ट आणि चहा, हा त्यांचा नाश्ता मी लहानपणापासून बघत आले होते. वरचं टोपण चमच्याने उडवायचं, आत पिवळा बलक पातळ, वाहता आणि पांढरा भाग मात्र चिरता येईल इतका धरलेला. आईचं अंडं कधी चुकल्याचं मला आठवत नाही.

स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून तिने एक कागद चिकटवला होता. त्यावर तिच्या अक्षरात दोन ओळी: लहान, सव्वाचार. मोठं, सव्वापाच. त्याच्या वर आधीचे आकडे खोडलेले दिसत होते, अर्ध्या अर्ध्या मिनिटाने कमी. ते मुंबईचे. बदली होऊन इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात अंडी कच्ची राहायला लागली, तेव्हा बाबांनी तिला सांगितलं होतं की हे गाव समुद्रसपाटीपासून उंच आहे, इथलं पाणी शंभर अंशांवर नाही, सत्त्याण्णवच्या आसपासच उकळतं. पाणी कितीही खळखळलं तरी त्याच्या पुढे जात नाही. आईने त्यावर वाद न घालता अर्धं मिनिट वाढवलं.

मी कागदाप्रमाणे केलं. पाणी उकळलं, मोठं अंडं डावेने हळूच सोडलं, मोबाइलवर सव्वापाच मिनिटं लावली, काढून थंड पाण्यात धरलं. बाबांनी टोपण उडवलं, तर आत पांढरं नाकातल्या पाण्यासारखं. त्यांनी एगकप हलकेच बाजूला सरकवला आणि टोस्ट खाल्ला. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "राहू दे ना. नको करत जाऊस."

मला ते फार लागलं. मी ऑफिसचं काम घरूनच करते, दिवसभर आकड्यांशी खेळते, आणि एक अंडं जमत नाही म्हणजे काय. वजनकाटा काढला. दुकानातून येणाऱ्या ट्रेमध्ये पंचेचाळीस ग्रॅमपासून साठ ग्रॅमपर्यंत सगळी अंडी एकत्र असायची. आठवडाभर मीच ती खाल्ली, वेळ लिहीत. फ्रीजमधून काढलेलं साठ ग्रॅमचं अंडं साडेसहा मिनिटांना नेमकं व्हायचं, पंचेचाळीसचं साडेपाचला. आईच्या आकड्यांपेक्षा प्रत्येक वेळी सव्वा मिनिट जास्त. तिला हे कसं जमायचं ते कळेना, पण अंडं जमलं. बाबांनी पहिलं नीट झालेलं अंडं तळापर्यंत खरवडून खाल्लं.

महिनाभर सगळं ठीक होतं. मग एके दिवशी अंडं घट्ट निघालं. बलक कडेने पिठूळ, मधोमध पेढ्यासारखा चिकट. वेळ साडेसहाच होती, वजनही तेच. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. त्या दिवसांत ओट्यावर एका स्टीलच्या वाटीत दोन अंडी काढून ठेवलेली असायची. मला वाटायचं, कामाला येणाऱ्या अक्का आल्या आल्या माझ्यासाठी काढून ठेवतात. मी चमच्याने उचलून त्यातलं एक पाण्यात सोडायचे, दुसरं परत आत ठेवायचे.

तिसऱ्या दिवशी मी अंडं हातात घेतलं. ते गार नव्हतं. अक्का नुकत्याच दारातून आत येत होत्या, त्यांच्या चपलाही अजून पायात होत्या. फ्रीजमधून पाच मिनिटांपूर्वी काढलेलं अंडं असं नसतं. हे दोन तास तरी बाहेर होतं. माझं सव्वा मिनिट तिथे होतं. आईची अंडी पाण्यात पडताना गार नसायचीच.

अक्कांना विचारलं. त्या म्हणाल्या, मी नाही, मला वाटलं तुम्हीच काढता. मग त्यांनी भिंतीवरच्या आईच्या फोटोकडे बघितलं आणि त्याच्यासमोर उदबत्ती लावली. "अम्मा अशीच दोन काढून ठेवायची," त्या हळूच म्हणाल्या. "एक अण्णांचं, एक तिचं." बाबांना त्या अण्णा म्हणायच्या. त्यानंतर मी आत असल्याशिवाय त्या स्वयंपाकघरात पाऊल टाकेनात.

मी भित्री नाही. तरी त्या दिवशी काम करताना दोनदा उठून फ्रीजपर्यंत जाऊन आले.

दुसऱ्या दिवशी पाचचा गजर लावून उठले आणि माझ्या खोलीच्या दारात उभी राहिले. थोड्या वेळाने बाबा आले. दिवा न लावता, भिंतीला हात लावत. जन्मात कधी पाण्याचा पेलाही स्वतः न घेतलेला माणूस. फ्रीज उघडला, त्याच्या उजेडात दोन अंडी निवडली, वाटीत ठेवली, वाटी शेगडीपासून लांब सरकवली. मग आपल्या खोलीच्या दिशेने तोंड करून, अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाले, "काढलीत गं. तू पड अजून, थंडी आहे."

आणि परत जाऊन झोपले.

नाश्त्याला मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाबा, आई असताना अंडी सकाळी बाहेर कोण काढून ठेवायचं?"

"तीच," ते म्हणाले. "मला काय कळतं त्यातलं."

ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. इतकी वर्षं ते पहाटे उठून हे करत होते आणि आईने ते गुपचूप राहू दिलं होतं, की तिच्या जाण्यानंतर तिचं काम त्यांच्या अंगात शिरलं, हे मला आता कुणीच सांगू शकणार नाही. बाबांना दाखवायला नेलं तेव्हा डॉक्टरांनी विसरण्याबद्दल काही सांगितलं, गोळ्या दिल्या. झोपेत चालण्याबद्दलही विचारलं. मी अंड्यांचं सांगितलं नाही.

तेव्हापासून मी कागदाप्रमाणे वेळ लावते. आणि दोन्ही अंडी उकडते. पाणी तेवढंच जास्त घेते, म्हणजे दोन अंडी पडली तरी उकळी फार मोडत नाही. दुसरं मी खाते, त्यांच्या समोरच्या खुर्चीवर बसून. ते कधी माझ्याकडे बघून "मीठ घे ना गं" म्हणतात, आणि त्या "गं"मध्ये मी असते की नाही, ते मला ओळखता येत नाही.

गेल्या महिन्यात त्यांना ताप आला. चार दिवस पलंगावरून उठवत नव्हतं. दर चार-पाच तासांनी मी उठून ताप बघायचे, औषध द्यायचे. त्यांना नाश्ता नकोच होता, म्हणून अंड्यांचा विचारही मनात नव्हता. तिसऱ्या सकाळी स्वयंपाकघरात गेले तर वाटीत दोन अंडी. हात लावला. खोलीइतकीच कोमट.

बाबा हलले नव्हते. त्यांच्या पायांवर मी घातलेली चादर तशीच होती. अक्का यायच्या होत्या. पहाटे पाचला मी औषध द्यायला उठले होते, तेव्हा मीच काढली असणार. दुसरं कोण आहे घरात? पण मला आठवत नाही. फ्रीज उघडल्याचं, उजेड डोळ्यांवर आल्याचं, काहीच नाही.

मी पाणी तापत ठेवलं.